अर्ज फिरून त्याच ठाण्यात आला तर

"काका, ठाण्यातल्याच लोकांनी मारलं तर तक्रार द्यायची कुणाकडं? एसपी साहेबांकडं दिलेला अर्ज बी फिरून तिथंच येतो म्हणतेत."

येतो, खरं आहे. कोर्टासमोर अर्ज टाईप करता करता हे लई वेळा बघितलंय. मागं जालना जिल्ह्यातल्या एका गावचं पोरगं आलं होतं, विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून शनिवारी संध्याकाळी उचललं, रविवारी संध्याकाळी सोडलं, तळपायावर पट्टे मारले आणि ठाण्याच्या डायरीत नोंद काहीच नाही. एसपींना रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला, तर तो चौकशीला त्याच पीआयकडं. मग बाहेर जावंच लागतं.

पण बाहेर जायच्या आधी दोन कामं. सोमवारीच त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं, आणि डॉक्टरला "पडलो" सांगू नको, पोलिसांनी मारलं हेच लिहून घ्यायला लाव म्हणलं, कारण वळ आठ-दहा दिवसांत जातात. दुसरं, त्याच दिवशी ठाण्याला आणि एसपींना लेखी पत्र, की अमुक तारखेचं अमुक वाजल्यापासूनचं लॉकअप, व्हरांडा आणि गेटचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. सुप्रीम कोर्टानं 2020 साली सांगितलंय की फुटेज 18 महिने ठेवायचं, निदान वर्षभर तरी. पोच घ्यायची, ती नसली तर पत्र दिलंच नाही असं धरा.

मग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मुंबईला. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतात, तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लावायचं. इथं लोक चुकतात बघा. "मारलं मारलं" एवढंच लिहितेत. प्राधिकरणाच्या कक्षेत येते ती कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, खंडणी अशी प्रकरणं, आणि हाड मोडल्याशिवाय नुसते वळ गंभीर दुखापतीत बसवणं अवघड. पण कायदेशीर प्रक्रिया न पाळता अटक करणं किंवा डांबून ठेवणं हे स्पष्ट बसतं. म्हणून आम्ही वरती लिहिलं: नोंद न करता रात्रभर डांबलं, घरच्यांना कळवलं नाही. मार त्याच्या खाली.

राज्य मानवी हक्क आयोगही आहे, फी नाही, घटनेपासून एक वर्षाच्या आत जायचं, तो भरपाईची शिफारस करू शकतो. पण एकाच वेळी दोन्हीकडं अर्ज टाकू नका, प्राधिकरणापुढं प्रकरण चालू आहे म्हणून आयोग हात वर करतो. आणि निलंबन यातला कुणीच स्वतः करत नाही हो, प्राधिकरणाचा अहवाल सरकारकडं जातो. गुन्हाच नोंदवायचा असला तर एसपीनंतर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, त्याला वकील लावा, माझ्यासारख्या टायपिस्टावर भागत नाही.

त्या पोराचं म्हणाल तर प्राधिकरणानं ठाण्याकडून डायरी आणि फुटेज मागवलं. डायरीत तो शनिवार कोराच निघाला, आणि फुटेजमध्ये पोरगं व्हरांड्यात बसलेलं.