खो-खोच्या लहान गटाची आरोळी: चार टाळ्यांत बसलेला खर्डा

आमच्या मैदानावरच्या आठ ते अकरा वर्षांच्या गटासाठी आरोळी लिहायला घेतली होती, ती आता उभी राहिली आहे. अट एकच होती: एका सरावात सगळ्यांना यायला हवी. हा सध्याचा खर्डा:

तोंड इकडे, तोंड तिकडे,
कान सारे खो-कडे!
कोण उठणार? मी उठणार!
कोण पळणार? मी पळणार!
बाहेर कोण? तेही आपण!
हो! हो! होहो हो!

प्रत्येक ओळीला चार टाळ्या. तोंड, इकडे, तोंड, तिकडे. दुसऱ्या ओळीत अक्षरं कमी आहेत, म्हणून ‘खो’ आख्खी एक टाळी खातो आणि आपोआप लांबतो. तिथेच पोरांना जोर चढतो. आधीच्या खर्ड्यात ‘खांबापासून खांबापर्यंत’ अशी ओळ होती. मात्रा मोजल्या तर चोख, पण वीस पोरं एकदम ओरडली की ‘पर्यंत’चा नुसता गुरगुराट ऐकू येतो. जोडाक्षर आणि शेवटी बंद व्यंजन, दोन्ही मोकळ्या मैदानात विरतात. आ, ए, ओ हे स्वर लांबवर जातात. म्हणून शेवट ‘हो’वर केला.

‘खो खो खोखो खो’ हा शेवट कानाला जास्त गोड लागतो, हे मान्य. पण पोरं आवडलेला तुकडा सामना चालू असतानाही कडेला बसून म्हणत राहतात. पाटीवर बसलेला खेळाडू पाठीमागून ‘खो’ ऐकू आला की उठतो. बाहेरून तोच शब्द आला तर आपलाच गडी चुकून उठायचा आणि फाउल व्हायचा. दुसऱ्या ओळीतला ‘खो’ राहू दिला, कारण ती ओळ सुटी कोणी म्हणत नाही.

पहिली ओळ खेळातूनच आली. पाठलाग करणारे एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नव्या मुलांचा गोंधळ नेमका तिथेच होतो. आता आरोळी म्हणताना प्रत्येक जण आपापल्या दिशेला मान वळवतो.

गटात मुलगे आणि मुली एकत्र आहेत. ‘मी पळतो’ लिहिलं की निम्म्या गटाला ‘पळते’ म्हणावं लागतं आणि शेवटचा स्वर फाटतो. ‘आम्ही पळतो’ दोघांना चालतं, पण त्यात प्रत्येकाचा स्वतःचा ‘मी’ जातो. ‘उठणार’, ‘पळणार’ने दोन्ही साधलं: रूप एकच आणि ‘मी’ही राहिला. मर्द, मावळे, वाघ हे शब्द याच कारणाने सुरुवातीपासून बाहेर होते. प्रतिस्पर्ध्यांना चिडवणारी ओळही नाही. तशी ओळ पोरं सर्वांत लवकर शिकतात, पण समोरचा संघ तोडीची घेऊन येतो आणि पुढे ती कुठे जाईल ते सांगता येत नाही.

‘बाहेर कोण? तेही आपण!’ ही राखीव मुलांची ओळ. प्रश्न आत बसलेले विचारतात, उत्तर बाहेरचे देतात. उरलेल्या प्रश्नांना म्होरक्या लागतो, तो दर वेळी बदलतो. एक मुलगा बोलताना अडखळतो. त्याला एकट्याने प्रश्न विचारायचा नव्हता, म्हणून सुरुवातीच्या चार टाळ्या त्याच्याकडे दिल्या. वेग तोच ठरवतो. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना तो क्वचितच अडखळतो. असं बऱ्याच जणांचं होतं, त्यामुळे समूहाच्या ओळी जास्त आणि एकट्याच्या कमी ठेवल्या.

शिकवण उलट्या क्रमाने: आधी ‘हो हो होहो हो’, मग तिच्या वरची ओळ, मग तिच्याही वरची. पोरं दर वेळी नव्या ओळीतून आधीच पाठ असलेल्या ओळीकडे जातात, त्यामुळे शेवट कधीच ढेपाळत नाही. वॉर्मअपनंतर नुसत्या टाळ्या, मग कुजबुजत, मग मोठ्याने. पुढची फेरी पाणी प्यायच्या सुट्टीत. दमलेली असताना जी ओळ तुटते ती लांब आहे असं समजावं.

पक्की झाली का ते असं पाहते: मधल्या दोन ओळी मनात म्हणायच्या, टाळ्या चालू ठेवायच्या आणि ‘बाहेर कोण’ला एकदम आवाज लावायचा. सगळे एकत्र आले तर ठेका बसला. टाळ्या पुढे पळाल्या तर टाळीऐवजी पाय आपटायला सांगते, वेग लगेच उतरतो.

उरलंय ते बचावाच्या तुकडीचं. तिघं आत जाताना त्यांची नावं घालायची आहेत. ‘सई’ आणि ‘अनिरुद्ध’ एकाच टाळीत बसेनात, म्हणून प्रत्येक नावाला दोन टाळ्या देऊन पाहणार आहे: छोटं नाव ताणायचं, लांब नाव दोन्हींत वाटायचं. अशी तीन नावं झाली की सहा टाळ्या होतात, दोन ओळींच्या आठांतल्या उरलेल्या दोनांत ‘हो! हो!’ बसायला हरकत नाही. रविवारच्या सरावात कळेल.