कुंदा कुणी खाल्ला?

नव्याने मराठी शिकणाऱ्याला 'हा आंबा आहे' एवढ्यावर खूश ठेवता येते आणि चांगले येणाऱ्याच्या हातात वर्तमानपत्र देता येते. पंचाईत होते ती मधल्या माणसांची. आमच्या बेळगावात अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. धारवाडहून बदली होऊन आलेले बँकेतले साहेब, गोकाकची नर्सबाई, टिळकवाडीत सून होऊन आलेली कन्नड मुलगी. भाजीचा भाव मराठीत पाडून घेतात, पण काल काय झाले ते सांगायला लागले की अडखळतात. माझ्या मराठीच्या वर्गात येणाऱ्या अशांसाठी मी भूतकाळातली एक गोष्ट लिहायला घेतली. शेवटी छोटासा धक्का हवा, म्हणजे शेवटपर्यंत वाचतील.

अडखळायला कारणही तसेच आहे. कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याच्या मागे जाते. त्याने खाल्ले तर 'अवनु तिंद', तिने खाल्ले तर 'अवळु तिंदळु'. मराठीत 'तो गेला, ती गेली' इथपर्यंत सगळे जुळते. पुढे खाणे, आणणे, उघडणे आले की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद त्याला सोडून कर्माचा हात धरते. तिने आमचा बेळगावी गोड कुंदा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. बेळगावची जुनी मराठी माणसेसुद्धा 'मी काम केलो' म्हणतातच की! शेजारच्या भाषेचे वारे लागणारच; मला तरी त्यात काही वावगे वाटत नाही. पण गोष्ट लिहिताना माझ्या लक्षात आले की हा 'ने' चोराच्या फार सोयीचा आहे. खाल्ले कुणी, याचा पत्ता क्रियापदावरून लागतच नाही. मग गोष्ट अशी झाली :

'डॉक्टरांनी आजीची साखर बंद केली होती. आईने कुंदा आणला आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. रात्री कुणीतरी दिवा लावला. कुणीतरी खुर्ची ओढली. कुणीतरी डबा काढला आणि कुंदा खाल्ला. चष्मा मात्र तिथेच ठेवला. सकाळी आईने विचारले, "कुंदा कुणी खाल्ला?" दादाने बाबांकडे पाहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिले. "मीच खाल्ला," देवघरातून आवाज आला. बाबा हसले, दादा हसला. आजी हसली नाही. ती चष्मा शोधत होती.'

'मीच खाल्ला' हे पुरुषही म्हणेल आणि बाईही, म्हणून कबुलीजबाबानंतरही चोर लपलेलाच राहतो. 'हसली' आले की सापडतो, कारण हसण्याला कर्म नसते. चष्म्याने मात्र मला बराच वेळ छळले. खरे तर तो विसरायला हवा होता. पण विसरणे, बोलणे, शिकणे ही क्रियापदे 'ने' घेत नाहीत. आजी चष्मा विसरली, बाबा चष्मा विसरले. 'कुणीतरी चष्मा विसरली' लिहिले असते तर तिथेच बिंग फुटले असते, आणि 'विसरला' लिहिले असते तर ती लबाडी झाली असती. 'विसरलं' चालले असते, पण 'लं' का, हे समजावताना गोष्ट बाजूला राहिली असती. म्हणून 'ठेवला'वर भागवले. ठेवण्यात विसरण्याची मजा नाही, हे मान्य.

वर्गात बँकेतल्या साहेबांनी मोठ्याने वाचली. छान वाचत होते, खुर्चीपाशी थांबले.

"टीचर, चोर दोघे आहेत काय?"

"का हो?"

"दिवा लावला, म्हणजे गडी. खुर्ची ओढली, म्हणजे बाई. नवरा-बायको मिळून आलेत!"

तास तिथेच रंगला. फळ्यावर दिवा, खुर्ची, डबा लिहून प्रत्येकासमोर तो, ती, तो मांडले. खुर्चीच्या जागी स्टूल आणले की 'ओढलं' होते, हे त्यांनीच शोधून काढले. मग साहेबांनी नवरा-बायकोवरचा आरोप मागे घेतला. अशी चूक हातात आली की मला बरे वाटते. माणूस नियम लावून वाचतोय, फक्त नियम घरचा लावतोय.

नर्सबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांची पाळी आली आणि त्यांनी वाचले, "कुणीतरी डबा काढली आणि कुंदा खाल्ली."

मी म्हटले, "कुंदा तो ना? खाल्ला."

"कुंदा तो, माहीत आहे मला. पण खाल्ली ती आजी."

शेवट अजून कुणी वाचलाही नव्हता. मी विचारले, चष्म्यावरून ओळखलंत काय?

"चष्मा कशाला पाहिजे, टीचर? साखर बंद केली म्हणून पहिल्याच ओळीत आहे की. आमच्या वॉर्डात रोज हेच. ज्याचं बंद, त्याच्याच उशीखाली डबा!"