मधाची धार: ब्लेंडरमध्ये अकरा दिवस कसे गेले

काम ऐकायला एकदम सोपं होतं. नाचणीच्या बिस्किटांची चळत, वरून मधाची धार, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला सहा सेकंदाचा व्हिडिओ. क्लायंट घरगुती बिस्किटं विकणारे एक काका, त्यांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, मध कसा असा... चकचकीत पडला पाहिजे." मी म्हटलं चार दिवसात देते. बिस्किटं, प्लेट, कॅमेरा एका दिवसात झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उरलेले दहा दिवस त्या एका धारेने खाल्ले.

फ्लुइडच्या डोमेनमध्ये, म्हणजे द्रव ज्या खोक्यात वाहतो त्याच्या सेटिंगमध्ये, Diffusion खाली रेडीमेड Honey प्रिसेट असतो. मी तो निवडला, बेक लावला, म्हणजे कॉम्प्युटरला हालचालीचा हिशोब करायला बसवलं, आणि मध पाण्यासारखा उडाला, शिंतोडे पार प्लेटच्या बाहेर. प्रिसेटमधला आकडा खऱ्या मधाचाच आहे पण तेवढ्याने सिम्युलेशन घट्ट होत नाही. जाड द्रवासाठी व्हिस्कॉसिटीचा वेगळा सॉल्व्हर आहे, त्याची टिक करून Strength वाढवावी लागते. हे कळायलाच दीड दिवस गेला. मधाला कमी, सॉसला जास्त असं थोडं थोडं वाढवत बघायचं, कारण फार वाढवलं की मध पसरतच नाही, कणकेच्या गोळ्यासारखा बसून राहतो.

बरं, आधीच सांगायला हवं होतं, बेक लावायच्या आधी कॅशेमध्ये Is Resumable टिक करा. आमच्याकडे रात्री दोनला लाइट गेली, यूपीएसने पाच मिनिटं दिली, मी उठून बेक थांबवला आणि सकाळी कळलं की टिक नसल्यामुळे तिथून पुढे नेता येत नाही, पहिल्यापासून करा. त्या सकाळी मी कोणाशी बोलले नाही.

आता खरी रड. मध घट्ट झाला पण धार तुटायला लागली. चमच्यातून बाहेर पडताना छान, खाली येता येता मण्यांची माळ. काकांना टेस्ट पाठवली तर रिप्लाय आला, "हा शॅम्पू वाटतोय, तोही संपत आलेला." राग आला पण बरोबर होतं त्यांचं.

मी Strength खालीवर केला, सरफेस टेन्शन दिलं, मेशचं स्मूथिंग वाढवलं, काही उपयोग नाही. शेवटी वही काढून हिशोब केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझं डोमेन ४० सेंटीमीटर उंच, कारण चमचा ३० सेंटीमीटर वर होता. Resolution Divisions १२८. हे भाग डोमेनच्या सगळ्यात लांब बाजूचे होतात, म्हणजे एक घर साधारण ३ मिलिमीटरचं. धार वर ८ मिलिमीटर जाड, खाली येईपर्यंत ४. म्हणजे खाली अख्खी धार जेमतेम सव्वा घरात! एवढ्यात कॉम्प्युटर धार दाखवणार कशी, थेंबच दाखवणार. मग २५६ केलं. घरं आठपट वाढली, बेक रात्रभर, आणि तरी धारेला अडीच घरं. तुटली नाही पण अंगावर उंचवटे, आणि चकाकीची जी उभी रेष असते ती जागोजागी मोडायची, दर फ्रेमला वळवळायची. आकार थोडा चुकला तर डोळा माफ करतो, पण चकाकी थरथरली की लगेच खोटं वाटतं. तुमची धार बिघडलीय का हे बघायचं तर एक फ्रेम नको, वीसेक फ्रेम सलग चालवा आणि फक्त चमकणाऱ्या रेषेकडे बघा.

सातव्या दिवशी वैतागून किचनमध्ये गेले, आईची मधाची बाटली घेतली आणि वाटीत ओतत बसले. आई म्हणाली, "अगं खायचाय की खेळायचाय?" पण तिथेच उत्तर होतं. मधाची धार एकदा सुरू झाली की हलतच नाही! आतून मध वाहतोय पण बाहेरून काचेची कांडी उभी केल्यासारखी. वर जाड, पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये पटकन बारीक होते, मग हळूहळू. सगळी हालचाल खाली, जिथे ती टेकते तिथे: गोल गोल वेटोळी पडतात, दोरी गुंडाळल्यासारखी, आणि एकेक वेटोळं खालच्यात विरघळतं. मग जी गोष्ट हलतच नाही तिचं सिम्युलेशन मी कशाला करत होते?

तर धार केली साध्या बेझिअर कर्व्हची. बेव्हल देऊन जाडी, आणि Alt+S ने एकेका पॉइंटची जाडी कमी करत ८ वरून ४ मिलिमीटर. Fill Caps टिक केलंच पाहिजे, का ते पुढे येईल. शॉट धार चालू असतानाच सुरू केला म्हणजे पहिलं टोक खाली येतानाचं दाखवायची भानगड नाही. सिम्युलेशन फक्त खालच्या १० सेंटीमीटरचं, मध सोडणारा इनफ्लो बिस्किटाच्या थोडा वर, कर्व्हच्या टोकात लपवलेला. तेच १२८ डिव्हिजन, पण घर आता पाऊण मिलिमीटरचं आणि धारेला पाच घरं. बेक जेवण होईपर्यंत संपला.

वेटोळ्यांसाठी इनफ्लो एका एम्प्टीला, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणाऱ्या खुणेला, बांधून ३ मिलिमीटरच्या वर्तुळात फिरवला आणि कर्व्हचा शेवटचा पॉइंट Ctrl+H ने त्याच एम्प्टीला हुक केला, म्हणजे दोघं एकत्र फिरतात.

Time Scale पण कमी करा. खऱ्या वेगाने ३० सेंटीमीटर पडायला पाव सेकंद लागतो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत सहा फ्रेम. जाहिरातीत मध निवांत पडतो कारण ते हाय स्पीड कॅमेऱ्यावर शूट करतात. मी ०.२५ ठेवलं.

शेवटचा अडथळा सांधा. कर्व्ह आणि खालचा मध एकमेकांत घुसले की पारदर्शक मटेरियलमध्ये आतली भिंत दिसते, धार मधात बुडवलेल्या स्ट्रॉसारखी. जिओमेट्री नोड्समध्ये आधी कर्व्हचा मेश केला, मग दोन्ही जॉइन करून वर Remesh, व्हॉक्सेल मोडमध्ये, मग थोडं स्मूथ. टोकं उघडी असतील तर हा रिमेश धारेची वाट लावतो, म्हणून ते Fill Caps.

मटेरियल अर्ध्या तासात झालं. IOR १.४९, रफनेस शून्य, आणि रंग पृष्ठभागाला न देता आत Volume Absorption ला. त्यामुळे बारीक धार फिकट सोनेरी आणि साचलेला मध गडद, जसा असतो तसा. एक लांब अरुंद एरिया लाइट धारेच्या मागून बाजूला उभा केला, त्याचीच ती सरळ रेष पडते. गोल लाइट लावला तर नुसता ठिपका.

काकांनी व्हिडिओ तीनदा बघितला म्हणे, आणि लिहिलं, "मस्त! फक्त बिस्किटं जरा मोठी दिसतील का?" मधाबद्दल एक शब्द नाही. आईला दाखवला तर ती म्हणाली, "हे ठीक आहे, पण माझी ती अर्धी बाटली कुठे गेली?"