आधी कोणाला?

छाटणीनंतर महिनाभर संध्याकाळी फोन हातात घ्यायची भीती वाटते, कारण आठ वाजता बघितलं की तीस-चाळीस मेसेज पडलेले असतात, सगळे द्राक्षबागायतदार आणि सगळ्यांनाच अर्जंट. पूर्वी मी वरून खाली क्रमाने उत्तरं द्यायचो. आता नाही देत.

परवाचंच सांगतो. सगळ्यात जोरात ओरडणारा मेसेज माती परीक्षणाच्या रिपोर्टचा होता, "साहेब चौथ्यांदा पाठवतोय", पण खताचं शेड्यूल दोन दिवसांनी ठरलं तरी काही बिघडत नाही, म्हणून तो खाली. दुसऱ्याने पानाचा फोटो टाकलेला, वरून पिवळे डाग, "डाउनी आहे का?" आता नुसत्या वरच्या बाजूवरून मी काय सांगणार, फवारणीचा चट्टाही असाच दिसतो. पण अशाला "अजून माहिती द्या" हे मात्र लगेच लिहायचं, कारण त्याचं उत्तर यायलाच वेळ लागतो. लिहिलं, "दादा पान उलटं करून फोटो टाका, आणि तसली चार पानं ओल्या कापसासोबत पिशवीत बांधून रात्रभर ठेवा, सकाळी मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तर डाउनी." बाग फुलोऱ्याच्या जवळ होती आणि दुपारी पाऊस झालेला, म्हणून सकाळी पहिला फोन त्यालाच करायचं ठरवलं.

आणि मग एक मेसेज जो मी जवळजवळ ओलांडलाच होता, कारण तो प्रश्नासारखा दिसतच नव्हता. "उद्या सकाळी जीए मारतोय, 10 पीपीएमला 100 लिटरला 10 ग्रॅम, शेजारच्यांनी सांगितलंय, बरोबर ना." जीए म्हणजे घडावर फवारायचं वाढीचं संजीवक. म्हणजे त्याला उत्तर मिळालेलं होतं, फक्त दहापट चुकीचं! 10 पीपीएम म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम, 100 लिटरला 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 1 ग्रॅम. 10 ग्रॅम टाकले की ते 100 पीपीएम होतं, घडाचे देठ ताठ आणि ठिसूळ होतात, आणि ते परत सरळ करायला कुठलंच औषध नाही. मेसेज न टाकता सरळ फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा बायकोने उचलला, "ते पंप धुतायत", म्हटलं वहिनी आधी त्यांना द्या.

"एकच ग्रॅम? मग ते पाकीट..."

"पाकीट राहू द्या, काट्यावर मोजा, आणि आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही."

मेसेज बघताना आता मी वेळ बघत नाही, हा माणूस उद्या सकाळी काय करणार आहे तेवढं बघतो.

मातीवाल्याला रविवारी उत्तर द्यायला बसलो तर रिपोर्टमध्ये चुनखडीचा आकडाच नाही, दुसरं पान पाठवायचं राहिलंय. चार वेळा पाठवलं, चारही वेळा पहिलंच पान.