माकडं, वाळवणं आणि स्वयंपाकघराची खिडकी

आमचं घर चिपळूणच्या कडेला, मागे डोंगर उतरतो तिथे आहे. माकडांना हाकलण्याचे उपाय लोक मला विचारतात, कारण आमच्या स्वयंपाकघरात ती आता येत नाहीत. कशी थांबली ते सगळंच सांगते.

आमच्याकडे दोन जातींची टोळकी येतात आणि दोघांचा उपद्रव वेगळा. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर मुख्यतः पाला, फुलं, शेंगा खातात. ते जास्वंदीच्या कळ्या ओरबाडतात, कौलं फोडतात, पण घरात सहसा शिरत नाहीत. डोक्यावर केसांचा भांग असलेली लालतोंडी माकडं मात्र भाकरीपासून अंड्यापर्यंत काहीही खातात. त्यांच्या गालांना आतून पिशव्या असतात. हाताला लागेल ते तिथे कोंबायचं आणि बाहेर जाऊन निवांत चावायचं, म्हणून त्यांना ओट्यावर एखादं मिनिट मिळालं तरी पुरतं. मी फोडणीला जिरं आणायला आत वळले की डब्याचं झाकण खाली आणि पोळ्या गायब, असं रोजचं झालं होतं.

घाबरवण्याचे सगळे प्रकार आळीत होऊन गेले होते. फटाके लावले की टोळी समोरच्या आंब्यावर जाऊन बसायची आणि धूर विरला की परत. रबरी साप काही दिवस चालला, मग एका पिल्लाने तो शेपटीला धरून गच्चीभर ओढला. कुणीतरी वानराचा मोठा कटआउट आणला. दिल्लीत २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी असे कटआउट लावले होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. पण आपल्या कोकणात खरे वानर आणि लालतोंडी माकडं एकाच झाडावर दिसतात. रोजच्या शेजाऱ्याच्या फोटोला कोण घाबरणार? मिरचीची धुरी आम्हालाच जास्त झोंबली. दगड, गलोल, विजेची तार हे आमच्या घरात कुणी सुचवलंही नाही. वानराला इजा करणं किंवा पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि लालतोंड्याला दगड लागला की पूर्ण टोळी अंगावर येते.

मग मी पहाटेपासून नुसती बघत बसायला लागले. टोळीची वाट ठरलेली होती. मागचा फणस, तिथून पावसाच्या पाइपला धरून आमची गच्ची, गच्चीवरून सज्जा, सज्ज्यावरून स्वयंपाकघराची खिडकी आणि शेवटी शेजारच्या काकूंच्या मागच्या दारातली केळी. शनिवारी काकू न चुकता केळी ठेवायच्या. टोळी खरं तर त्या केळ्यांसाठी यायची आणि वाटेत आमचं घर लागायचं. घाबरवून ती जाईना, कारण रोज कुठे ना कुठे काहीतरी मिळतच होतं. दहा वेळा हाकललं आणि अकराव्या वेळी पोळी मिळाली, तर माकड ती अकरावी वेळच लक्षात ठेवतं.

आधी खिडकी केली. जुन्या गजांमध्ये चार-पाच इंचांची फट होती. मोठं माकड त्यातून हात घालायचं आणि पिल्लू अख्खं आत यायचं. डासांची फायबरची जाळी तर त्यांनी नखाने फाडली होती. फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंच चौकोनाची वेल्डमेश जाळी घेतली आणि गजांच्या बाहेरून चौकटीत बसवून घेतली. चारही कडांना लोखंडी पट्टी आणि जवळजवळ स्क्रू. हे महत्त्वाचं, कारण जाळी तुटत नाही, ती कोपऱ्यातून सुटते. माकडं कडेलाच बोटं घालून ओढत बसतात. बसवल्यावर कोपरे हाताने जोरात ओढून बघा. जरा जरी हलला तरी परत आवळून घ्या. मागच्या दाराची साधी कडी ती उघडायची, म्हणून कोयंड्यात कुत्र्याच्या साखळीला असतो तसा स्प्रिंगचा हूक अडकवला. तो अंगठ्याने दाबूनच निघतो.

नायलॉनचं पक्ष्यांचं जाळं मात्र लावू नका. वरच्या आळीत त्यात एक पिल्लू गुरफटलं. आई आणि बाकीची टोळी गच्चीवरून हलेना, कुणाला दार उघडता येईना. शेवटी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा लागला.

गच्चीवरचं वाळवण म्हणजे तर त्यांना वाढून ठेवलेलं ताट. त्यासाठी सागाच्या पट्ट्यांची, पलंगाएवढी, चारी बाजूंनी आणि खालून त्याच जाळीची पेटी करून घेतली. वर बिजागरीचं झाकण आणि त्याला तोच हूक. आमसुलं, कुरडया, फणसाचे पापड आता त्यातच वाळतात. कडेला मात्र वीतभर जागा रिकामी सोडावी लागते, कारण पिल्लाची बोटं एक इंचातून आत जातात. टाकीचं झाकण ती उचलून पाण्यात उतरायची. तिथे झाकणाला आणि टाकीच्या कानाला भोक पाडून बाइंडिंग वायर फिरवली.

काकूंशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "अगं, मारुतीचा वार. दारात आलेल्याला हाकलू का?" मी म्हटलं, "काकू, पण गेल्या महिन्यात पिल्लावाल्या माकडीणीने तुमच्याच नातवाच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढला ना? तिला माणसाच्या हातातलं आपलंच वाटतं आता." त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या शनिवारपासून तेल आणि नारळ मारुतीच्या देवळात जायला लागला, आणि प्रसादाचे तुकडे पारावर न ठेवता घरी यायला लागले. आळीत कचऱ्याचे डबेही घंटागाडी वाजल्यावरच बाहेर ठेवायचं ठरलं. दोन घरं अजून पाळत नाहीत.

हे सगळं झाल्यावर लगेच शांतता झाली असं नाही, उलट त्रास वाढला. नेहमीचं मिळेना म्हणून टोळी जाळीवर लटकायची, हलवायची, पत्र्यावर धडाधड उड्या मारायची. याच वेळी लोक कंटाळून एखादी पोळी टाकतात आणि सगळं मुसळ केरात जातं. आम्ही खिडकीच्या आतून बागेच्या पाइपने नुसतं पाण्याचं फवारणं चालू ठेवलं. हळूहळू ती येऊन, बघून, न थांबता पुढे जायला लागली.

एकदा दार उघडं राहून एक नर आत आलाच. अशा वेळी आरडाओरडा करायचा नाही. घरातली आतली दारं लावायची, बाहेरचं दार सताड उघडायचं आणि आपण त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ते त्याला आव्हान वाटतं. कोपऱ्यात सापडलेलं माकडच चावतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. माकडापासूनही रेबीज होऊ शकतो, त्यामुळे हळद लावून बसू नये.

पकडून दुसरीकडे सोडा, असं अजून काहीजण म्हणतात. पण सोडायचं कुठे? जिथे सोडाल तिथल्या वाडीत तोच प्रकार सुरू होतो, आणि इथला कचरा तसाच राहिला तर नवी टोळी येतेच.

वानरांचं मात्र आमच्याकडे अजून जमलेलं नाही. ते बारा-पंधरा फुटांची उडी सहज मारतात, त्यामुळे फणसाच्या फांद्या कितीही मागे घेतल्या तरी पडवीची कौलं फुटतातच. फणस शेजाऱ्यांचा आहे आणि यंदा लगडलाय, म्हणून ते मोठी फांदी तोडू देत नाहीत. पावसाआधी पडवीवर पत्रा घालायचा विचार चाललाय.