शिडीचा मधला बिंदू

रविवार, रात्री साडेदहा

दिवाळीच्या आधी समोरची खोली रंगवून घ्यायची म्हणून आज सकाळपासून घरात रंगारी होते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांत असते तशी आमच्या सोप्यालाही शहाबादी फरशी आहे, आणि इतक्या वर्षांच्या पायांनी ती काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. दहा फुटांची बांबूची शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि सुदैवाने तिच्यावर कोणी चढलेले नव्हते. अचानक तिचे पाय फरशीवरून सरकू लागले, शेंडा भिंतीवरून खाली घसरला आणि क्षणात शिडी जमिनीवर आडवी झाली. "बाई, खाली पोतं घालायचं राहिलं बघा," असे म्हणत रंगारीमामांनी ती उचलून पुन्हा उभी केली. मात्र त्या शिडीच्या मधल्या पायरीला हात पुसायचे लाल फडके बांधलेले होते, आणि ते फडके कोणत्या वाटेने खाली आले हा प्रश्न माझ्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

सुट्टीसाठी आलेला माझा भाचा तेव्हा शेजारीच उभा होता. तो यंदा नववीत आहे. मी त्याला विचारले, तेव्हा त्याने हाताने हवेत एक रेघ काढून दाखवली. ती आधी भिंतीला धरून खाली येत होती आणि शेवटी जमिनीला धरून पुढे जात होती, म्हणजे तिचा फुगवटा कोपऱ्याकडे होता. "मावशी, शिडी अशीच आत दबत आली ना!" तो म्हणाला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही तसेच दिसले होते. ज्या प्रमेयातून याचे उत्तर मिळते ते मी दरवर्षी वर्गात सिद्ध करून देते, तरीही डोळ्यांनी दिलेली साक्ष मला खरी वाटली.

दुपारची जेवणे झाल्यावर आम्ही प्रयोग केला. साठ सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घेऊन तिच्या बरोबर मध्यावर, तीस सेंटिमीटरवर, पेन्सिलीचे टोक जाईल एवढे भोक पाडले. भिंत उद्या रंगवायचीच होती, त्यामुळे तिच्यावर खुशाल रेघोट्या ओढता येणार होत्या. भिंतीच्या कोपऱ्यातली उभी कड ही आमची 'भिंत' झाली आणि खालची फरशी ही 'जमीन'. पट्टीचे वरचे टोक त्या उभ्या कडेला आणि खालचे टोक फरशीला टेकवून भाच्याने पट्टी हळूहळू सरकवली आणि मी भोकातली पेन्सिल भिंतीवर दाबून धरली. उमटलेली रेघ कोपऱ्याकडे दबलेली नव्हती, तर बाहेर फुगलेली होती. पाणी भरलेल्या घागरीचे पोट जसे दिसते तशी ती गोल दिसत होती. त्याला ते पटेना, म्हणून आम्ही मोजले. खालचे टोक कोपऱ्यापासून ३६ सेंटिमीटरवर असताना वरचे टोक ४८ वर होते, म्हणजे मधला बिंदू भिंतीपासून १८ आणि जमिनीपासून २४ सेंटिमीटरवर. कोपऱ्यापासून त्याचे अंतर ३० भरले. खालचे टोक ४८ वर नेले तेव्हा वरचे ३६ वर आले, आणि अंतर पुन्हा ३०. खालचे टोक २० वर ठेवले, तरीही ३०. शेवटी त्याने कोपऱ्यात दोऱ्याचे एक टोक धरले, तीस सेंटिमीटरवर दुसरी पेन्सिल बांधली आणि वर्तुळाचा पाव भाग काढला. तो आमच्या रेघेवर जवळजवळ सगळीकडे बसला. 'जवळजवळ' का, हे पुढे लिहिते, कारण आजची सर्वांत चांगली गोष्ट त्या एका शब्दातच होती.

काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते, हे त्याच्या पुस्तकातच आहे आणि त्याला ते पाठही आहे. शिडी हा कर्ण, कोपरा हा काटकोन आणि कोपऱ्यापासून मधल्या बिंदूपर्यंतची रेघ ही मध्यगा. शिडीची लांबी बदलत नाही, म्हणून मध्यगेचीही बदलत नाही. पण हे एवढेच सांगून मुलाच्या डोळ्यांसमोरचे चित्र बदलत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून मी वेगळ्या वाटेने गेले. शिडीच्या शेंड्यापासून जमिनीला समांतर आणि पायापासून भिंतीला समांतर अशा दोन रेघा काढल्या की एक आयत तयार होतो. शिडी हा त्या आयताचा एक कर्ण. दुसरा कर्ण कोपऱ्यातून निघतो, आणि आयताचे कर्ण सारखे असल्यामुळे त्याची लांबीही नेहमी साठच राहते. आता शिडी घसरत असताना त्या दुसऱ्या कर्णाकडे पाहावे. त्याचे एक टोक कोपऱ्यात पक्के आहे आणि लांबी ठरलेली आहे, म्हणून बिजागरीवर दार फिरावे तसा तो कोपऱ्याभोवती फक्त फिरतो. दोन्ही कर्ण एकमेकांना मध्यावर छेदतात, म्हणजे शिडीचा मधला बिंदू हाच त्या फिरणाऱ्या दाराचाही मधला बिंदू. दाराच्या मध्यावर ठोकलेला खिळा वर्तुळातच फिरणार. हे सांगताच भाच्याने स्वतःच दोन पट्ट्या मध्यावर टाचणीने जोडून एक कोपऱ्यात धरली आणि दुसरी घसरवून पाहिली, आणि त्यानंतर त्याने वाद घातला नाही.

तरीही डोळे का फसले, याचे उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडले नसते. त्यासाठी पट्टी दर पाच सेंटिमीटरवर थांबवून प्रत्येक वेळी तिच्या कडेने पूर्ण रेघ ओढली. अशा दहाबारा रेघा झाल्या की त्यांच्या बाहेरच्या बाजूला एक वक्र आपोआप दिसू लागतो, खिळे ठोकून दोरे ताणलेल्या शोभेच्या फळ्यांवर दिसतो तसा. तो वक्र खरोखरच कोपऱ्याकडे दबलेला असतो, आणि भाच्याने हवेत काढलेली रेघ तीच होती. परंतु ती शिडीवरच्या कोणत्याही एका बिंदूची वाट नाही. शिडी जवळजवळ उभी असते तेव्हा तिचा शेंड्याजवळचा भाग त्या वक्राला स्पर्श करतो आणि ती आडवी होत जाते तशी स्पर्शाची जागा शिडीवरूनच पायाकडे उतरत जाते. आपली नजर त्या उतरणाऱ्या जागेच्या मागे जाते आणि आपल्याला वाटते की आपण मधल्या पायरीकडे पाहत होतो. शिडी बरोबर पंचेचाळीस अंशांवर असते त्या एकाच क्षणी मधला बिंदू त्या वक्रावर येतो, आणि आमच्या भिंतीवरही पेन्सिलीचा कंस त्या वक्राला तिथेच आतून चिकटलेला होता.

मधला सोडून दुसरा बिंदू घेतला तर वर्तुळ मिळत नाही, हेही आम्ही पाहिले. खालच्या टोकापासून वीस सेंटिमीटरवर दुसरे भोक पाडले, तर जमिनीच्या दिशेने ४० आणि भिंतीच्या दिशेने २० सेंटिमीटर पसरलेल्या लंबवर्तुळाचा पाव भाग उमटला.

आता त्या 'जवळजवळ' विषयी. आमची रेघ शेवटच्या टप्प्यात, जमिनीजवळ, वर्तुळाच्या थोडी बाहेर गेली होती. मला आधी वाटले की भोक सैल आहे. पण चूक नेहमी बाहेरच्याच बाजूला होती, आत कधीच नव्हती, आणि भोक सैल असते तर रेघ दोन्हीकडे डगमगली असती. मग लक्षात आले की पट्टी ओढताना तिचे वरचे टोक उभ्या कडेपासून किंचित सुटत होते. पायथागोरसच्या प्रमेयाने हिशेब केला तर तो फारच सुटसुटीत निघाला: कोपऱ्यापासून मधल्या बिंदूच्या अंतराचा वर्ग म्हणजे ३० चा वर्ग, अधिक पायाचे अंतर गुणिले वरची फट. पाय ५० सेंटिमीटरवर आणि फट एक सेंटिमीटर असेल तर ९०० मध्ये ५० मिळवायचे, म्हणजे अंतर साधारण ३०.८. फट कितीही बारीक असली तरी हा गुणाकार मिळवायचाच असतो, वजा कधी होत नाही, म्हणून चूक बाहेरच जाते.

आणि इथे मला सकाळची खरी शिडी पुन्हा आठवली. तिला कोणी भिंतीला दाबून धरले नव्हते. मधला बिंदू वर्तुळातून चालायचा तर सुरुवातीला तो भिंतीपासून दूर जाण्याचा वेग घेतो, आणि हा वेग त्याला भिंतीच्या रेट्यामुळे मिळतो. परंतु त्या वर्तुळाच्या शेवटी वाट सरळ खाली जाते, म्हणजे आडवा वेग पुन्हा शून्य व्हावा लागतो, आणि त्यासाठी भिंतीने शिडीला स्वतःकडे ओढायला हवे. भिंत ढकलू शकते, ओढू शकत नाही. त्यामुळे आडवा वेग जिथे सर्वांत जास्त होतो तिथेच शेंडा भिंतीपासून सुटतो. घर्षण अजिबात नाही आणि शिडी सगळीकडे सारख्याच वजनाची आहे असे धरले, तर ही जागा सुरुवातीच्या उंचीच्या बरोबर दोन तृतीयांशावर येते. शेंडा आठ फुटांवर आणि पाय सहा फुटांवर असलेली दहा फुटी शिडी पाच फूट चार इंचांवर भिंत सोडते. तिथून पुढे मधला बिंदू वर्तुळाच्या बाहेर जातो, आणि लाल फडकेही तसेच गेले असणार.

संध्याकाळी भाच्याने भिंतीला आणि फरशीला कॅरमची पावडर चोळली, पट्टी खालच्या बाजूला २० सेंटिमीटरवर ठेवून सोडली आणि मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले. वरचे टोक तेव्हा साडेछप्पन सेंटिमीटरवर होते, म्हणजे हिशेबाने ते साडेसदतीसच्या आसपास सुटायला हवे होते. चित्रणात मात्र फट दिसू लागली ती तेहतीसच्या जवळपास. पावडर घातली तरी थोडे घर्षण उरतेच आणि ते पायाला मागे धरते, शिवाय सुरुवातीची फट केसाएवढी असल्यामुळे ती डोळ्यांना उशिरा दिसते, आणि या दोन्ही कारणांनी आकडा खालीच सरकतो. त्याने ते चित्रण सात वेळा घेतले. प्रत्येक वेळी टोक भिंत सोडूनच खाली आले, एकदाही शेवटपर्यंत चिकटून राहिले नाही.

उद्या सकाळी मामा तो कोपरा रंगवतील, म्हणून भाच्याने झोपण्यापूर्वी सगळ्या रेघा पतंगाच्या कागदावर गिरवून घेतल्या आहेत. जमिनीजवळचा बाहेर गेलेला तुकडा त्याने लाल पेन्सिलीने काढला आहे. शिडीच्या पायांखाली मी आताच पोते घालून आले.