प्रकाशनपूर्व सवलतीचा शेवटचा दिवस: एका मेलची गोष्ट

आमच्या छोट्या प्रकाशनाचं नवं पुस्तक छापायला जाणार होतं. किंमत ६०० रुपये, प्रकाशनपूर्व सवलतीत ४५०, टपालखर्चासह. रविवारी मुदत संपणार होती आणि शेवटच्या दिवसाचा मेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

सहकाऱ्याचा मसुदा तयारच होता: ‘मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही, असं म्हणतात. तुम्हीही त्यातलेच का?’ आपल्याकडे हे हत्यार फार लवकर उपसलं जातं. पण हा मेल ज्यांना जाणार, ते आमची पुस्तकं घेणारेच लोक. टोमणा नेमका त्यांनाच बसणार! तो मी काढला. ‘फक्त काहीच प्रती शिल्लक’ हेही काढलं. पुस्तक छापलेलंच नाही, तर शिल्लक कसली? शिवाय खोटी घाई आणि ग्राहकाला लाजवणं या दोन्ही गोष्टी केंद्राच्या २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहेत.

मग घाई कशाची? खरं कारण होतंच: सोमवारी सकाळी छापखान्याला प्रतींचा आकडा कळवायचा होता. तेवढंच लिहिलं.

विषय: ‘सवलतीत ४५० रुपयांना: आज रात्री ११:५९पर्यंत, भारतीय वेळ’

‘नमस्कार, उद्या सकाळी आम्ही छापखान्याला प्रतींची संख्या कळवतो, म्हणून सवलतीची नोंदणी आज बंद होते. त्यानंतर पुस्तक ६०० रुपयांना दुकानांत मिळेल. घ्यायचं ठरलं असेल, तर खालच्या बटणावर नोंदणी करा. या पुस्तकाचे मेल नको असतील, तर शेजारच्या दुव्यावरून थांबवा. बाकीचे मेल येत राहतील.’

‘रात्री १२’ मुद्दाम टाळलं. रविवारचे १२ म्हणजे नक्की कुठले, यावर दरवेळी दोन फोन येतात. परदेशातल्या वाचकांसाठी ‘भारतीय वेळ’ असं लिहिलं, कारण आपले ११:५९ होतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे अडीच वाजत आलेले असतात.

पाठवण्याआधी सगळ्यात जास्त वेळ यादीवर गेला. पैसे भरलेल्यांना ‘शेवटची संधी’ गेली, तर आपली नोंदणी झालीच नाही, असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांची नावं त्याच सकाळी ताजी यादी घेऊन वगळली. ज्यांनी यूपीआयने थेट पैसे पाठवले होते, ते वेबसाइटच्या नोंदीत नव्हतेच. बँकेचा तपशील उघडून त्यांची नावं हातानं जुळवावी लागली.

सकाळी नऊला मेल गेला. संध्याकाळी सातला दुसरा, पण फक्त बटण दाबून नोंदणी अर्धवट सोडलेल्यांना: ‘पैसे भरताना अडचण आली असेल, तर या मेलला उत्तर द्या.’ मेल उघडला की नाही, यावर ही निवड केली नाही. ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो.

सोमवारी दुपारी एका जुन्या वाचकाचा फोन आला, ‘अहो, ४५०त जमेल का?’ मी नाही म्हटलं. आकडा छापखान्यात पोहोचला होता, आणि त्यांना हो म्हटलं असतं, तर पुढच्या पुस्तकाच्या तारखेवर कुणी कशाला विश्वास ठेवला असता? ते म्हणाले, ‘बरं, दुकानातून घेतो.’